कॅमेऱ्याविना पॅकशॉट : प्रस्तावना

शब्दांत केलेल्या वर्णनावरून चित्र तयार करणाऱ्या संगणकप्रणालींना डोळा नसतो, भिंग नसते आणि त्या कुठे उभ्याही नसतात. तरीही त्यांच्याकडून जाहिरातीत शोभेल असे एखाद्या वस्तूचे छायाचित्र हवे असले, की लिहिणारा आपसूक कॅमेऱ्याच्या भाषेत बोलू लागतो. कॅमेरा किती उंचीवरून पाहतो, भिंग किती मिलिमीटरचे आहे, वस्तूचा किती भाग रेखीव आणि किती धूसर दिसावा, या तीन गोष्टी तो वर्णनात म्हणजे प्रॉम्प्टमध्ये घालतो आणि त्या आज्ञेप्रमाणे पाळल्या जातील असे गृहीत धरतो. हे गृहीतक अर्धेच खरे आहे. ते कोणत्या अर्ध्या भागात खरे ठरते आणि कोणत्या अर्ध्या भागात फसते, हे उलगडणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे, आणि त्यासाठी आधी प्रत्यक्ष स्टुडिओत काय घडते ते व नंतर यंत्रात काय घडते ते, अशा क्रमाने जावे लागते.

यंत्राच्या बाजूची मूळ वस्तुस्थिती थोडक्यात अशी आहे. ओपनएआय या संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केलेली क्लिप ही प्रणाली चित्र आणि त्याखालचा मजकूर यांच्या सुमारे ४० कोटी जोड्यांवर शिकवलेली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्यूजनमागे लायॉन-५बी या, सुमारे ५८५ कोटी जोड्यांच्या संग्रहातून निवडलेली सामग्री होती. महाजालावरील छायाचित्रांखाली छायाचित्रकार अनेकदा भिंगाचा आकडा, छिद्राचा आकडा, ‘मॅक्रो’, ‘टॉप व्ह्यू’ असे शब्द लिहितात, आणि यंत्र हे शब्द ज्या चित्रांच्या सहवासात वारंवार आले त्या चित्रांचे रूप त्या शब्दांशी जोडते. म्हणजे ‘८५ मिमी’ असे लिहिल्यावर यंत्र कोणतेही प्रकाशशास्त्रीय गणित करत नाही. ज्या छायाचित्रांखाली ‘८५ मिमी’ असे लिहिलेले असते तशा छायाचित्रांकडे ते झुकते. ८५ मिलिमीटरचे भिंग व्यक्तिचित्रांसाठी लोकप्रिय असल्याने असा आकडा उघड्या छिद्राच्या आकड्यासह लिहिला, की सरबताच्या बाटलीमागेही व्यक्तिचित्रातले लुकलुकणारे प्रकाशगोल येऊन बसतात आणि क्वचित बाटली धरणारा एखादा न मागितलेला हातही येतो. आकडा यंत्रासाठी मोजमाप नसून संगतीची खूण असते, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढील बहुतेक गोंधळ टळतात.

यातून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, की मग प्रकाशशास्त्र शिकण्याचे कारणच काय. कारण असे, की अनुकरण ज्याचे करायचे ती छायाचित्रे खऱ्या भिंगांनीच घेतलेली असतात, त्यांतील प्रत्येक रेषा आणि प्रत्येक धूसर कड एका ठरावीक जागी उभ्या असलेल्या एकाच कॅमेऱ्याचा परिणाम असते, आणि पाहणाऱ्याला भूमितीचे नाव माहीत नसले तरी त्या परिणामांतील विसंगती त्याच्या डोळ्याला खुपते. वर्णन लिहिणाऱ्याला कारण ठाऊक असले पाहिजे, पण यंत्राला सांगायचा तो मुख्यतः परिणाम, ही या विषयाची खरी गुरुकिल्ली होय.

व्यावसायिक उत्पादन-छायाचित्रणाचे रूप म्हणजे नेमके काय, याविषयी मोठा गैरसमज रूढ आहे. पार्श्वभूमी जितकी धूसर तितके छायाचित्र ‘प्रोफेशनल’, अशी समजूत मोबाइलमधील पोर्ट्रेट मोडने घरोघरी पोहोचवली आहे. जाहिरात-छायाचित्रणाचा इतिहास याच्या जवळजवळ उलट साक्ष देतो. पॉल आउटरब्रिज यांनी १९२२ मध्ये आइड कंपनीच्या शर्टाच्या कॉलरची जी जाहिरात केली, तीत पांढरी कॉलर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्यापांढऱ्या चौकटींवर ठेवलेली असून ती वरच्या बाजूने पाहिलेली आहे; चित्राचा सारा जोर कोनावर आणि आकारांच्या रेखीवपणावर आहे. अर्विंग पेन यांनी १९६८ पासून क्लिनिक या प्रसाधनांसाठी केलेली स्थिरचित्रेही स्वच्छ पार्श्वभूमीवर मांडलेल्या, काठोकाठ रेखीव वस्तूंची आहेत. स्टुडिओतील मोठ्या फिल्मचे कॅमेरे बारीक छिद्रावर चालवले जात ते याच कारणासाठी, की विकायची वस्तू पुसट दिसून चालत नाही. धूसरपणा स्टुडिओला वर्ज्य नाही, पण तो वस्तूच्या मागे असतो, वस्तूवर नसतो. आणि तो कसा मिळवला जातो ते पाहण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत नेणे सोयीचे ठरेल.

कोकणातील एखाद्या लघुउद्योगाची कोकम सरबताची काचेची बाटली घ्यावी: उंची २४ सेंटिमीटर, व्यास ७ सेंटिमीटर, पुढच्या अंगाला गुंडाळलेले कागदी लेबल, मागे जांभ्या दगडाची भिंत. कॅमेरा ३६ बाय २४ मिलिमीटर संवेदकाचा, म्हणजे ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो, आणि उभा धरलेला. चौकटीच्या ३६ मिलिमीटर उंचीपैकी २४ मिलिमीटर बाटलीने व्यापावी आणि वर-खाली थोडी मोकळीक राहावी, अशी मांडणी ठरवली तर बाटलीची प्रतिमा मूळ आकाराच्या एक दशांश होते. आता नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे रेखीव उमटते तिथपर्यंतचे अंतर, १०० मिलिमीटर असेल, तर या आकाराच्या प्रतिमेसाठी कॅमेरा बाटलीपासून सुमारे १.१ मीटरवर ठेवावा लागतो. ५० मिलिमीटरचे भिंग असेल तर ५५ सेंटिमीटरवर, आणि २४ मिलिमीटरचे असेल तर अवघ्या २६ सेंटिमीटरवर. तिन्ही छायाचित्रांत बाटली सारख्याच उंचीची दिसेल, पण ती एकच बाटली आहे असे वाटणार नाही.

हा फरक भिंगाने घडवलेला नसून अंतराने घडवलेला असतो. दृश्यातील जवळच्या आणि दूरच्या भागांचे परस्परप्रमाण, म्हणजे परिप्रेक्ष्य, कॅमेरा कुठे उभा आहे एवढ्यावरच ठरते. भिंग फक्त त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा किती तुकडा चौकटीत घ्यायचा ते ठरवते. कॅमेरा बाटलीच्या मध्यभागाच्या उंचीवर आडवा रोखलेला असताना तळाची पुढची कड खाली किती झुकते ते मोजले, तर १.१ मीटरवरून ती वक्रता या ७ सेंटिमीटर रुंद बाटलीवर जेमतेम ४ मिलिमीटर भरते, आणि २६ सेंटिमीटरवरून दीड सेंटिमीटरहून जास्त. पहिल्या चित्रात बाटली उभट, भारदस्त आणि लेबल जवळजवळ सपाट दिसते. दुसऱ्यात लेबलची खालची रेघ खाली आणि वरची वर फाकते, मधला भाग पुढे येतो आणि बाटलीला पोट सुटल्यासारखे वाटते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे दृश्यक्षेत्र साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या भिंगाइतके असते आणि बाटली चौकटीत मोठी दिसावी म्हणून हात आपोआप तिच्याजवळ जातो. लहान उत्पादकांच्या यादीतील कितीतरी बरण्या-बाटल्या फुगीर दिसतात त्याचे कारण बहुधा एवढेच असते. मागे सरकून दुप्पट झूम करणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

अंतराचा दुसरा परिणाम पार्श्वभूमीवर होतो. बाटलीमागे एक मीटरवर जांभ्याची भिंत असेल, तर १०० मिलिमीटरच्या भिंगातून चौकटीत त्या भिंतीची सुमारे ७० सेंटिमीटर उंची मावते, ५० च्या भिंगातून एक मीटर आणि २४ च्या भिंगातून सुमारे १.७ मीटर. मोठ्या नाभीय अंतराच्या चित्रात म्हणूनच पार्श्वभूमी साधी आणि शांत राखणे सोपे जाते, कारण तिचा लहानसा तुकडाच दिसतो. रुंद भिंगातून मात्र शेजारची खिडकी, टेबलाचा पाय आणि भिंतीवरची तार, सगळेच आत शिरते. ‘टेलिफोटो भिंग पार्श्वभूमी जवळ ओढते’ असे जे म्हटले जाते त्याचा मथितार्थ हाच, की दूर उभे राहिल्याने वस्तू आणि भिंत यांच्या अंतरांतील प्रमाण कमी झालेले असते.

कोनाविषयी छायाचित्रकार सहसा तीन-चार नावांनी बोलतात: वस्तूच्या उंचीवरून आडवे पाहणे ते आय लेव्हल, किंचित वरून आणि बाजूने पाहणे ते थ्री-क्वार्टर, सरळ वरून पाहणे ते टॉप शॉट, आणि वस्तूला उंच, रुबाबदार दाखवण्यासाठी खालून पाहणे ते लो अँगल. ही नावे यंत्रही बऱ्यापैकी ओळखते. त्यांच्या मागची भूमिती ओळखण्याचे उत्तम साधन म्हणजे वर्तुळ. बाटलीचे झाकण, पेल्याची कड, बरणीचा तळ या वर्तुळांची चित्रात लंबवर्तुळे होतात, आणि कॅमेरा त्या वर्तुळाकडे जितक्या अंशांनी खाली पाहत असेल तितके ते लंबवर्तुळ उघडते: १५ अंशांवर त्याची उंची रुंदीच्या सुमारे एक चतुर्थांश होते, ३० अंशांवर निम्मी आणि ४५ अंशांवर सुमारे सात दशांश. वरून पाहताना तळ हा झाकणापेक्षा नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असतो, त्यामुळे तळाचे लंबवर्तुळ झाकणाच्या लंबवर्तुळापेक्षा नेहमी थोडे अधिक उघडे असले पाहिजे. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवला जाणारा हा नियम यंत्र मात्र वारंवार मोडते, हे पुढे येईलच.

कोनातूनच उभ्या रेषांचा प्रश्न निर्माण होतो. कॅमेरा खाली वाकवला की बाटलीच्या दोन्ही बाजू तळाकडे निमुळत्या होत जातात आणि ती उलट्या शंकूच्या वळणाला लागते. स्टुडिओतील व्ह्यू कॅमेऱ्यात, म्हणजे भिंग आणि फिल्म यांना भात्याने जोडून दोन्ही स्वतंत्रपणे हलवता येणाऱ्या कॅमेऱ्यात, फिल्मचे प्रतल बाटलीला समांतर ठेवून फक्त भिंग खाली सरकवले जाते, आणि त्यामुळे झाकणाचा वरचा भाग दिसूनही बाजू सरळ उभ्या राहतात. याच कॅमेऱ्यात भिंग तिरपे करून स्पष्टतेचे प्रतलही तिरपे करता येते. त्यामागचा नियम ऑस्ट्रियाच्या सैन्यातील अधिकारी टेओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यांचे ब्रिटिश पेटंट १९०४ चे आहे. आजची टिल्ट-शिफ्ट भिंगे हेच काम लहान कॅमेऱ्यावर करतात. जाहिरातीतील बाटल्या किंचित वरून पाहिलेल्या असूनही ताठ का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. आणि वर्णन लिहिताना ‘थ्री-क्वार्टर’ एवढे लिहून थांबणारा माणूस ‘बाटलीच्या बाजू समांतर आणि उभ्या’ हे लिहायला विसरतो, तेव्हा स्टुडिओऐवजी मोबाइल मिळाल्याबद्दल यंत्राला दोष देण्यात अर्थ नसतो.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे भिंग ज्या अंतरावर रोखलेले आहे त्याच्या पुढेमागे जेवढा पट्टा डोळ्याला पुरेसा रेखीव वाटतो त्याची खोली. ती छिद्राच्या आकड्यावर अवलंबून असते. हा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, म्हणून एफ/२ हे मोठे छिद्र आणि एफ/१६ हे बारीक. आपल्या बाटलीच्या बाबतीत, प्रतिमा एक दशांश असताना, ही खोली एफ/२ वर सुमारे १.३ सेंटिमीटर, एफ/८ वर सुमारे ५.३ सेंटिमीटर, एफ/११ वर सुमारे ७.३ आणि एफ/१६ वर सुमारे १०.६ सेंटिमीटर येते. इथे एक अनपेक्षित गोष्ट अशी, की प्रतिमेचा आकार कायम ठेवला तर इतक्या जवळच्या अंतरांवर २४, ५० किंवा १०० मिलिमीटर भिंगांची खोली जवळजवळ सारखीच भरते. लांब भिंगाने खोली कमी होते असे जे ऐकिवात असते ते एकाच जागी उभे राहून भिंग बदलल्यास खरे, मागे सरकून आकार तोच राखल्यास नाही.

या आकड्यांचा अर्थ बाटलीवर उतरवून पाहावा. एफ/२ वर लेबलच्या मध्यरेषेवर भिंग रोखले, तर पट्ट्याचा मागचा अर्धा भाग साडेसहा मिलिमीटरच आत जातो, आणि गोल बाटलीवर ते अंतर संपेपर्यंत लेबलचे मधले साधारण ४ सेंटिमीटरच रेखीव राहतात. दोन्ही बाजूंची अक्षरे विरघळतात आणि बाटलीच्या कडा, ज्यांनी तिचा आकार ठरायचा, त्याच पुसट होतात. एफ/११ वर भिंग पुढच्या अंगापेक्षा थोडे आत रोखले, की संपूर्ण ७ सेंटिमीटरचा व्यास पट्ट्यात बसतो. मग पार्श्वभूमीचे काय? एफ/११ वर १०० मिलिमीटरच्या भिंगातून एक मीटर मागची भिंत अशी दिसते, की तिच्यावरील सुमारे ८ मिलिमीटरपेक्षा लहान तपशील एकमेकांत मिसळतात. म्हणजे जांभ्याची बारीक छिद्रे जातात, पण चिऱ्यांचे सांधे ओळखू येतात. तीच भिंत तीन मीटर मागे नेली, तर अडीच सेंटिमीटरपर्यंतचे तपशील मिसळतात आणि मागे तांबूस रंगाचा ऊबदार पडदा उरतो. छिद्र तेवढेच, बाटली तेवढीच रेखीव, आणि भिंतीचे मिसळणारे तपशील तिप्पट मोठे. स्टुडिओ धूसरपणा मिळवतो तो छिद्र उघडून नव्हे, तर भिंत दूर नेऊन. व्यावसायिक रूप आणि हौशी रूप यांच्यातील सीमारेषा याहून नेमकी क्वचितच दाखवता येईल.

हे सारे यंत्रासाठीच्या वर्णनात कसे उतरवायचे, याचे सूत्र वर आलेच आहे: आकडा लिहावा, पण त्याच्याशेजारी त्याचा दिसणारा परिणामही लिहावा. आकडा चुकीच्या संगतीकडे नेऊ लागला तर परिणामाचे वाक्य त्याला आवरते. बहुतेक प्रणालींची शिकवण इंग्रजी मजकुरावर अधिक झालेली असल्याने वर्णन प्रत्यक्षात इंग्रजीतच टंकित केले जाते. या बाटलीसाठी ते असे होऊ शकेल:

```
Studio product photograph, one glass bottle of dark red
kokum syrup, whole bottle in frame, camera level with the
middle of the bottle, about one metre away, 100mm lens,
sides vertical and parallel, entire bottle and label sharp,
f/11, laterite wall far behind, out of focus,
black stone tabletop blurring gradually
```

यातील क्रम सहेतुक आहे. आधी छायाचित्राचा प्रकार आणि वस्तू, मग कॅमेऱ्याची जागा, त्यानंतर भिंग, आणि सर्वांत शेवटी स्पष्टता. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतील क्लिप ही मजकूर वाचणारी यंत्रणा एका वेळी ७७ तुकडेच घेऊ शकते, आणि त्यापुढचा मजकूर मूळ रचनेत सरळ कापला जातो. त्यामुळे लांब वर्णनात विशेषणांची रांग आधी लावून कॅमेऱ्याची जागा शेवटी लिहिली, तर ती जागा यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. २०२३ मध्ये आलेल्या डॅल-ई ३ सारख्या प्रणाली मुद्दाम तयार केलेल्या लांब, तपशीलवार चित्रवर्णनांवर शिकवलेल्या असल्याने सलग वाक्ये अधिक चांगली समजतात, आणि तिथे परिणामाचे वाक्य आकड्यापेक्षाही प्रभावी ठरते.

वर्णनातील बहुतेक चुका या परस्परविरोधाच्या असतात. ‘मॅक्रो’ हा शब्द वस्तूचा लहानसा भाग मोठा करून दाखवणाऱ्या चित्रांचा आहे. तो आणि ‘पूर्ण बाटली’ एकत्र लिहिल्यास यंत्र कधी झाकण कापते, तर कधी बाटली पूर्ण दाखवून तिच्यावर दवबिंदूंचा अवास्तव सडा घालते, कारण मॅक्रो चित्रांत दवबिंदू नेहमीचे. ‘एफ/१.४’ आणि ‘सर्व काही रेखीव’, किंवा ‘रुंद भिंग’ आणि ‘पार्श्वभूमीचा लहान तुकडा’ या जोड्या खऱ्या कॅमेऱ्यालाही अशक्य असतात. खरा कॅमेरा अशा वेळी एक अट मोडून दुसरी पाळतो आणि छायाचित्रकाराला ते लगेच कळते. यंत्र मात्र दोन्ही अटी अर्ध्या-अर्ध्या पाळून असे चित्र देते, जे पहिल्या नजरेत देखणे आणि दुसऱ्या नजरेत खोटे असते.

ही दुसरी नजर कशी टाकायची, हे शिकणे वर्णन लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पहिली तपासणी टेबलाच्या पृष्ठभागाची. खऱ्या भिंगात टेबल बाटलीच्या पायाशी रेखीव असते आणि मागे जाताना हळूहळू विरते. यंत्राच्या चित्रात पुष्कळदा टेबल एका रेषेपर्यंत पूर्ण रेखीव आणि तिथून पुढे एकदम पूर्ण धूसर असते, किंवा बाटलीभोवती कात्रीने कापल्यासारखी स्पष्ट किनार असून मागचे सगळे, जवळचे असो वा दूरचे, एकाच प्रमाणात पुसट असते. दुसरी तपासणी लंबवर्तुळांची: झाकण वरून पाहिलेले आणि तळाची कड मात्र सपाट, असे दिसले तर चित्रात दोन कॅमेरे शिरले आहेत असे समजावे. तिसरी टेबलाच्या मागच्या कडेची: बाटलीच्या डावीकडे ती ज्या उंचीवर लपते त्याच उंचीवर उजवीकडे बाहेर यायला हवी, आणि बाटलीच्या सरबतातून मागचे दूरचे दृश्य दिसत असेल तर ते डावे-उजवे उलटे दिसायला हवे, कारण भरलेली गोल बाटली आडव्या दिशेने स्वतःच एक भिंग असते. ही शेवटची खूण जाणकारालाही सुटते, पण एकदा दिसली की विसरता येत नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चित्राची सुरुवात ज्या यादृच्छिक ठिपक्यांपासून होते त्यांचा क्रमांक, म्हणजे सीड, अनेक प्रणालींत कायम ठेवता येतो. तो न बदलता फक्त ‘बाटलीच्या मध्याच्या उंचीवरून’ याऐवजी ‘किंचित वरून, झाकणाचा वरचा भाग दिसेल असे’ एवढाच बदल केल्यास त्या शब्दांचा यंत्रावरील परिणाम वेगळा काढून पाहता येतो. सीड मोकळा सोडून चार शब्द एकदम बदलणाऱ्याला चांगले चित्र मिळेलही, पण ते कशामुळे मिळाले हे त्याला सांगता येणार नाही आणि पुढच्या बाटलीसाठी त्याला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागेल.

या साऱ्या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती उत्पादन-छायाचित्रणाच्या हेतूलाच भिडते. यंत्र ‘कोकम सरबताची बाटली’ दाखवते, ‘ही’ बाटली दाखवत नाही. लेबलवरील अक्षरे, विशेषतः देवनागरी जोडाक्षरे, अनेकदा तुटतात किंवा अक्षरांसारख्या आकृत्या होतात. बाटलीचा खांदा, झाकणाचा रंग, सरबताची घनता, यांपैकी काहीतरी मूळ वस्तूहून वेगळे निघते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केलेली आहेत, आणि ग्राहकाला दाखवलेली वस्तू व त्याच्या हाती पडलेली वस्तू यांत तफावत असण्याचा धोका कोणत्याही विक्रेत्याने हलक्यात घेऊ नये. म्हणून विचारी व्यावसायिक बहुधा मधला मार्ग धरतात: बाटलीचे छायाचित्र खरे घेतात, आणि भोवतालचे दृश्य, म्हणजे जांभ्याची भिंत, काळा दगड, सकाळचे तिरपे ऊन, यंत्राकडून करून घेतात.

मात्र या मार्गावर कॅमेऱ्याची भाषा सैल राहून चालत नाही, उलट ती अधिकच काटेकोर लागते, कारण आता दोन चित्रे एका भूमितीत बसवायची असतात. खरी बाटली मोबाइलच्या दुप्पट झूमने, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरच्या दृश्यक्षेत्राने, अर्ध्या मीटरवरून आणि तिच्या मध्याच्या उंचीवरून घेतली असेल, तर दृश्याच्या वर्णनातही तीच उंची आणि तेवढेच अंतर यायला हवे. टेबलाची मागची कड बाटलीच्या मध्याच्या थोडी खाली, जवळजवळ क्षितिजसमांतर हवी, आणि टेबलाचा पृष्ठभाग अगदी थोडाच उघडा दिसायला हवा. वर्णनात ‘वरून पाहिलेले टेबल’ असे लिहिले गेले असेल, तर कितीही निगुतीने चिकटवली तरी बाटली टेबलावर उभी न राहता त्याच्यावर तरंगते, आणि मग पाहणारे सावलीला दोष देतात. सावली खरोखर चुकलेली असू शकते, पण आधी बाटलीच्या तळाची कड आणि टेबलाचा उघडा भाग यांची तुलना करून पाहावी; तळाची कड जेमतेम वाकलेली आणि टेबल मात्र चौकटीच्या निम्म्याच्याही वर पसरलेले असेल, तर सावली बदलत बसण्यापेक्षा दृश्याच्या वर्णनातील कॅमेऱ्याची उंची बदलून ते पुन्हा करून घेणे सोपे पडते.